‘वीकेंड वॉरियर्स’ ते ‘सोबत सायकल’: ऑफिसला सायकलने जाणाऱ्या एका ग्रुपचं नाव बदलण्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

ज्या सायकल ग्रुपची ही गोष्ट आहे त्यात मी पहिल्या दिवसापासून आहे. माणसं किंवा कंपन्या ओळखू येतील असं काही लिहिलेलं नाही. पण जी नावं सुचली, जी टाकून दिली आणि जे शेवटी ठेवलं ती सगळी जशीच्या तशी देतोय, कारण बोलायचंय ते नावाच्या अक्षरांबद्दल, आणि तीच बदलली तर मग सांगायला काही उरतच नाही.

एकाच आवारात तीन ऑफिसं, त्यातले आम्ही १४ जण सायकलने यायचो. कुणाचं घर ६ किलोमीटरवर, कुणाचं १३. आधी फक्त पार्किंगमध्ये तोंडओळख होती, मग एकदा एकाची चेन तुटली, दुसऱ्याकडे चेन जोडायचं टूल होतं, तिथून बोलणं सुरू झालं आणि ग्रुप झाला. सुरुवातीपासून आमची कामं दोन. एक म्हणजे रविवारी सकाळी राइड, आणि ती कुठे लांब डोंगरात नाही, तर नवीन माणसाचा घर ते ऑफिस हा रस्ताच आम्ही रविवारी रिकामा असताना त्याच्याबरोबर चालवून बघायचो, म्हणजे कुठल्या चौकात लेन कधी पकडायची, कुठे खड्डा आहे, कुठल्या पुलाखाली अंधार असतो हे सोमवारच्या आधीच कळतं. दुसरं म्हणजे रस्त्यावरच्या सेफ्टीच्या साध्या सवयी लावणं: मागे लाल लाइट, वळायच्या आधी हात, उभ्या गाड्यांपासून दार उघडलं तरी लागणार नाही इतकं अंतर, आणि बस किंवा ट्रकच्या डाव्या कुशीत कधीच न शिरणं कारण तिथला सायकलवाला ड्रायव्हरला दिसत नाही.

आणि या सगळ्याला नाव काय होतं तर ‘वीकेंड वॉरियर्स’. ग्रुप बनवणाऱ्या मुलाने रात्री व्हॉट्सॲपवर नावाच्या रकान्यात टाइप केलं, सगळ्यांनी अंगठे दाखवले, झालं. त्याचा काही दोष नाही, त्या वेळी रकाना भरायचा होता आणि नाव हा विषय आहे असंच कुणाला वाटलं नव्हतं.

अडचण कशी लक्षात आली

पहिल्या तीन महिन्यांत रविवारच्या राइडला १९ नवीन माणसं येऊन गेली. त्यातली तिसऱ्यांदा आलेली फक्त चार. आम्हाला वाटलं वेळ फार लवकरची आहे, म्हणून अर्धा तास पुढे ढकलली. काही फरक नाही. मग वाटलं अंतर जास्त होतंय, ते २० वरून १४ किलोमीटरवर आणलं, तरी तेच.

मग ग्रुपमधल्या अकाउंट्सच्या ताईंनी एक गोष्ट केली जी आम्ही आधीच करायला हवी होती. परत न आलेल्यांपैकी आठ-नऊ जणांना त्यांनी फोन केले, आणि ‘का नाही आलात’ असं विचारलं नाही, कारण त्यावर सगळे ‘वेळच मिळाला नाही’ एवढंच म्हणतात. त्यांनी विचारलं, ‘पहिल्यांदा यायच्या आधी तुम्हाला काय वाटलं होतं, इथे कसे लोक असतील?’ एकजण म्हणाली, ‘वॉरियर्स म्हटलं म्हणजे टाइट कपडे आणि हलक्या सायकलीवाले, मी आदल्या रात्री झोपले नाही, म्हटलं मी सगळ्यांच्या मागे पडणार आणि सगळे माझ्यासाठी थांबणार.’ ती आली तेव्हा प्रत्यक्षात तिच्यापेक्षा हळू चालवणारे तिघे होते, पण ती सबंध राइडभर दमछाक करत पुढच्यांना धरून राहिली, कारण मनात तेच बसलं होतं. दुसरे एक जण म्हणाले की मला सोमवार ते शुक्रवार कुणीतरी बरोबर हवं होतं, पण तुम्ही तर वीकेंडवाले ना, म्हणून विचारलंच नाही. हे ऐकून आम्हाला खरंच वाईट वाटलं, कारण त्यांच्याच रस्त्याने आमचे दोघे रोज जात होते.

दुसरी खूण ऑफिसातून आली. एचआरच्या मॅडमना आम्ही सेफ्टी सेशनची नोटीस सगळ्यांना पाठवा अशी विनंती केली. आत सगळं लाइट, ब्रेक, हाताचे इशारे असंच होतं. त्यांनी वरची ओळ वाचली आणि म्हणाल्या, ‘हे रेसिंगचं दिसतंय, उद्या कुणी पडलं तर?’ मेल गेली नाही.

तिसरी खूण शब्दाची. कुणीतरी आमचा मेसेज ‘रायडर्स मीट’ म्हणून पुढे पाठवला आणि एका रविवारी दोन मुलं मोटरसायकलवर, मोठी हेल्मेटं घालून हजर. आपल्याकडे ‘बाइक’ म्हणजे मोटरसायकल, ‘दुचाकी’ म्हणजे स्कूटर नाहीतर मोटरसायकल, आणि ‘रायडर’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर इंजिनच येतं. सायकलवाल्यांना हे शब्द आपले वाटतात पण ऐकणाऱ्याला ते तसे पोचत नाहीत.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते चौथं. सिग्नल पिवळा झाला होता, मागचा एक मुलगा ‘वॉरियर थांबतो होय’ म्हणत निघून गेला आणि त्याच्यामागे एक नवीन मुलगा गेला ज्याला अजून एका हाताने सायकल सावरता येत नव्हती. काही झालं नाही. पण मला तेव्हा कळलं की हे नाव फक्त बाहेरच्यांना घाबरवत नाहीये, आतल्यांनाही चढतंय.

समोर काय पर्याय होते

एक पर्याय होता नाव तेच ठेवून खाली ओळ जोडायची, ‘सगळ्यांसाठी, आरामात’. हे सोपं होतं, जुने लोक नाराज झाले नसते. पण फोनवर ग्रुपच्या यादीत नावाचा सुरुवातीचा भागच दिसतो, खालची ओळ दिसतच नाही, आणि पार्किंगमध्ये कुणी कुणाला सांगतं तेव्हा तर फक्त नावच सांगतं. म्हणजे जी ओळ भीती घालवणार ती भीती वाटणाऱ्या माणसापर्यंत पोचणारच नव्हती.

दुसरा, कंपनीच्या किंवा आवाराच्या नावावरून नाव. ॲडमिनने लगेच सांगितलं की कंपनीचं नाव लावलंत तर अपघाताची जबाबदारी कंपनीवर येते की काय हे आम्हाला वकिलांना विचारावं लागेल. ते बरोबरच होतं. शिवाय १४ पैकी तिघांनी तोवर नोकरी बदलली होती आणि तरी ते राइडला येत होते, त्यांना काय बाहेर काढणार?

तिसरा, सेफ्टी हा शब्दच नावात घ्यायचा. यासाठी आमच्यातले एक सिनियर काका फार आग्रही होते आणि त्यांचा मुद्दा सुंदर होता. ते म्हणाले, आपण आज जी सायकल चालवतो, सारखी दोन चाकं आणि मागच्या चाकाला चेन, तिचं मूळ नावच ‘सेफ्टी बायसिकल’ होतं. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ नावाची सायकल आणली तेव्हा रस्त्यावर पुढे भलं मोठं चाक असलेल्या उंच सायकली होत्या, त्यावरून माणूस तोंडावर पडायचा, त्यामुळे या बुटक्या सायकलीला सेफ्टी म्हणायचे. म्हणजे सेफ्टी हा सायकलचा जन्माचा शब्द आहे. मला हे इतकं आवडलं की मी मनातून ‘सेफ्टी सायकल’ या नावाच्याच बाजूने होतो.

पण दोन अडचणी होत्या. एक, ‘सुरक्षित राइड’ किंवा ‘सेफ्टी’ असं नावातच म्हटलं की आपण हमी देतोय असं होतं, आणि रस्त्यावर चालवताना कुणीच कुणाला हमी देऊ शकत नाही. आपण सवयी शिकवू शकतो. दुसरी अडचण ताईंनी सांगितली, की ज्याला आधीच भीती वाटते त्याला सेफ्टी शब्द वाचून धीर येत नाही, उलट अपघातच आठवतो. ही गोष्ट मला आधी पटली नव्हती, पुढे चाचणीत पटली.

चौथा पर्याय, भावना सांगणारं नाव घ्यायचं, म्हणजे ‘निवांत’, ‘सोबत’, ‘हळूहळू’ या जातीचं, आणि त्याला सायकल हा शब्द जोडायचा म्हणजे कशाबद्दल आहे ते कळेल.

पहिला निर्णय, जो चुकला: मतदान

आम्ही ग्रुपवर म्हटलं, सगळ्यांनी नावं सुचवा. २७ नावं आली. व्हॉट्सॲपच्या पोलमध्ये १२ च्या वर पर्याय टाकता येत नाहीत, त्यामुळे पोल बनवणाऱ्याने स्वतःच १२ निवडली आणि इथेच पहिलं भांडण झालं. ४१ जणांनी मतं दिली. ‘पेडल पॉवर’ला नऊ मतं मिळाली आणि ते जिंकलं. म्हणजे ३२ जणांनी त्याला मत दिलं नव्हतं, आणि तरी ते ‘सर्वांच्या मताने’ आलेलं नाव ठरणार होतं.

नशिबाने कुणीतरी लगेच सर्च केलं. ‘पेडल पॉवर’ नावाचे इतके ग्रुप, दुकानं आणि इव्हेंट निघाले की आमचा ग्रुप दहाव्या पानावरही सापडला नसता. त्यात लिहायची पंचाईत वेगळीच: कुणी पेडल लिहितं, कुणी पॅडल, कुणी पायडल, आणि इंग्रजीत `pedal` ऐवजी `paddle` टाइप केलं की थेट होड्यांची पानं उघडतात.

याच यादीत एक ‘स्पिन सर्कल’ही होतं. छान वाटत होतं, पण ‘स्पिनिंग’ हा इनडोअर सायकलिंगच्या संदर्भात मॅड डॉग ॲथलेटिक्स या अमेरिकन कंपनीचा नोंदवलेला ट्रेडमार्क आहे, रोजच्या बोलण्यात तो साधा शब्द वाटतो एवढंच. आपल्यासारख्या छोट्या ग्रुपवर कुणी धावून येईल असं नाही, पण उद्या जर्सी छापायची, सेशनला बाहेरच्यांना बोलवायचं, तेव्हा ही कटकट कशाला मागे लावून घ्यायची. तेव्हापासून आम्ही एक सवय लावली, नाव आवडलं की आधी ट्रेडमार्कच्या यादीत दोन वर्ग बघायचे: ४१, ज्यात खेळ आणि प्रशिक्षणाच्या सेवा येतात, आणि २५, ज्यात कपडे येतात. सायकल क्लबचं नाव बहुतेक वेळा याच दोन ठिकाणी अडतं.

सर्चनंतर मतदान रद्द झालं. नाराजी झाली, दोघांनी काही दिवस ग्रुपवर बोलणं सोडलं. आमच्या लक्षात हे आलं की आम्ही प्रश्नच चुकीच्या माणसांना विचारला होता. जे आधीच येतात त्यांना ‘वॉरियर्स’नेही अडवलं नव्हतं. नाव ज्याच्यासाठी बदलायचं तो माणूस त्या ग्रुपमध्ये नव्हताच.

‘डावी कड’ आणि रस्त्यावरची चाचणी

मतदान रद्द झाल्यावर एक नाव जवळजवळ पक्कं झालं होतं, ‘डावी कड’. ज्याने सुचवलं त्याचं म्हणणं असं की आपण रस्त्याच्या डाव्या कडेने शिस्तीत जाणारे लोक, छोटं नाव, मराठी नाव, दुसऱ्या कुणाचं नाही. सर्चमध्येही मोकळं होतं. मलाही आवडलं. पुढच्या रविवारी ते चालवून बघू असं ठरलं, म्हणजे निघताना, चौकात भेटल्यावर सगळ्यांनी ते नाव मोठ्याने घ्यायचं.

आमच्या राइडमध्ये बोलायची पद्धत ठरलेली आहे. पुढचा ओरडतो ‘खड्डा’, मागचा ओरडतो ‘गाडी मागे’, ‘स्लो’, ‘थांबतोय’, ‘डावीकडे’. प्रत्येकजण ते पुढे किंवा मागे पोचवतो. हे इतकं अंगात भिनलेलं असतं की ऐकलं की हात आधी हलतो, डोकं नंतर. तर त्या रविवारी मागून आमच्यातलाच एकजण उशिरा येऊन गाठत होता, त्याने लांबूनच आनंदात हाक मारली, ‘डावी कऽऽड!’ आणि मधल्या फळीतली एक नवीन मुलगी, काहीतरी मोठं मागून येतंय असं समजून, एकदम डावीकडे सरकली. तिथे डांबर संपून खडी होती. पुढचं चाक खडीत गेलं, हँडल दोनदा हललं, तिने पाय टेकला आणि सावरली. पडली नाही. तिच्यामागच्याने ब्रेक दाबले ते बरोबर लागले कारण तो अंतर ठेवून होता.

तिथेच कडेला थांबून आम्ही ते नाव सोडलं. आणि नियम केला की ज्या शब्दावर सायकलवाला काहीतरी करतो असा शब्द नावात नको. थांब, चल, डावी, उजवी, जपून, मागे, काहीच नको. ‘चल’ वरून एक गोड नाव सुचलं होतं, ते पण याच नियमाने गेलं. नाव हे रस्त्यावर ओरडलं जाणारच, ते ओरडल्यावर कुणाचंही हँडल हलता कामा नये. घरात बसून नावांची यादी करताना ही गोष्ट आम्हाला कधीच सुचली नसती.

मग काय केलं

तीन नावं उरली: ‘निवांत सायकल’, ‘सायकलने ऑफिस’ आणि ‘सोबत सायकल’. त्यांच्याबरोबर तुलनेला काकांचं ‘सुरक्षित सायकल’ ठेवलं. या वेळी ग्रुपमध्ये विचारायचं नाही असं ठरलं. चिठ्ठीवर फक्त नाव लिहून लंचच्या वेळेला आवारातल्या सायकल न चालवणाऱ्या लोकांना दाखवायचं, प्रत्येक नाव १२ जणांना, एकाला एकच. आणि ‘आवडलं का’ हा प्रश्न विचारायचाच नाही, कारण समोरचा माणूस भिडेने हो म्हणतो. तीन प्रश्न: हे लोक काय करत असतील? किती जोरात जात असतील? तुम्ही गेलात तर तुम्हाला तिथे कोण भेटेल?

‘निवांत सायकल’वर माझी फार आशा होती. लोक म्हणाले, बागेत फिरणारे, रिटायर झालेले, आणि एकाने सरळ सांगितलं की ‘हे लोक ऑफिसला वेळेवर पोचत नसतील’. भीती गेली होती पण काम पण गेलं होतं.

‘सायकलने ऑफिस’ सगळ्यांना लगेच कळलं, पण बऱ्याच जणांना वाटलं ही काहीतरी मोहीम आहे, सही करायला सांगतील, शपथ घ्यायला लावतील. शिवाय आमच्याबरोबर तोवर एक नर्स ताई यायला लागल्या होत्या, त्यांची शिफ्ट संध्याकाळची आणि जायचं हॉस्पिटलला. त्या म्हणाल्या, ‘मी ऑफिसला कुठे जाते?’ नाव स्पष्ट असलं की ते कुणाला तरी बाहेर ठेवतंच, आणि हे आम्हाला ठेवायचं नव्हतं.

‘सुरक्षित सायकल’ला लोक म्हणाले हेल्मेट विकणारे, किंवा विमा. एक जण म्हणाला ट्रॅफिक पोलिसांचं असेल. काका स्वतः चिठ्ठ्या घेऊन उभे होते, त्यांनी ही उत्तरं स्वतःच्या कानांनी ऐकली, त्यामुळे पुढे वाद झाला नाही.

‘सोबत सायकल’ला १२ पैकी ९ जणांनी ‘एकत्र जात असतील’ अशा अर्थाचं सांगितलं. वेगाबद्दल बहुतेक म्हणाले ‘सगळ्यात हळू जो असेल त्याच्या हिशोबाने’. आणि एक बाई चिठ्ठी हातात धरून म्हणाल्या, ‘म्हणजे एकटीला जावं लागणार नाही ना?’ ज्या माणसासाठी आम्ही चार महिने नाव शोधत होतो तिचा हाच प्रश्न होता.

तरी लगेच हो म्हटलं नाही. फोनवर गाड्यांच्या आवाजात एकदाच नाव सांगून समोरच्याला टाइप करायला लावलं. मराठीत कुणाचंच चुकलं नाही. इंग्रजी अक्षरांत मात्र दोन तट पडले, निम्मे `sobat` आणि निम्मे `sobath`, कारण ‘त’ कसा लिहायचा हे आपल्याकडे ठरलेलंच नाही. म्हणून `sobatcycle` मुख्य घेतलं आणि `sobathcycle` पण आपल्याच ताब्यात ठेवलं, तिथे फक्त ‘इकडे या’ एवढं लिहिलंय. आणि नुसतं `sobat` शोधलं तर इंडोनेशियन पानांचा ढीग येतो, कारण त्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ मित्र असा आहे. अर्थ चांगलाच निघाला याचा आनंद झाला, पण सायकल शब्द कायम जोडूनच लिहायचा हे तिथे पक्कं झालं.

शेवटची चाचणी पाठीवरची. संध्याकाळी अंधार पडल्यावर मी जॅकेटच्या मागे कागदावर मोठ्या अक्षरात नावं चिकटवून उभा राहिलो आणि एकजण मागे गाडीच्या हेडलाइटमध्ये बसून वाचत गेला. ‘सुरक्षित’ वीस पावलांवर वाचता आलं नाही, ‘क्षि’चा नुसता काळा गोळा दिसला. ‘वॉरियर्स’मध्ये ‘र्स’चा रफार गायब. ‘सोबत सायकल’मध्ये एकही जोडाक्षर नाही, सगळ्या मोकळ्या उभ्या रेषा, चमकणाऱ्या टेपच्या पट्ट्या कापून अक्षरं बनवायची तरी बनतात. ते सगळ्यात लांबून वाचता आलं. नाव जॅकेटच्या चमकणाऱ्या पट्ट्यावर मात्र छापायचं नाही, पट्टा मोकळाच ठेवायचा, कारण मागच्या ड्रायव्हरने नाव नाही वाचलं तरी चालेल पण तिथे माणूस आहे हे त्याला कळलंच पाहिजे.

‘क्लब’ हा शब्द नावातून काढला, कारण चिठ्ठ्यांच्या वेळी दोन-तीन जणांनी ‘फी किती’ असं विचारलं होतं. नोटीसवर खाली एक ओळ असते, ‘कामाला सायकलने जाणाऱ्यांचा ग्रुप’. आणि वीकेंड शब्द गेला म्हणून रविवारवाले नाराज होते, त्यांच्यासाठी राइडलाच नाव दिलं: ‘रविवारची रस्ता-ओळख’. त्यात दर वेळी तीन गोष्टी लिहिलेल्या असतात, किती किलोमीटर, किती वेग (बहुतेक वेळा ताशी १२ ते १५ किलोमीटर), आणि कुणालाही मागे टाकून जाणार नाही. हे सगळं नावात बसवायचा प्रयत्न आम्ही आधी करत होतो, म्हणूनच नाव सापडत नव्हतं.

निकाल

नवीन नावाने पहिल्या तीन महिन्यांत २२ नवीन माणसं आली आणि त्यातली ११ तिसऱ्यांदा आली. एचआरच्या मॅडमनी नोटीस पाठवली, एक शब्द न बदलता, वरचं नाव तेवढं वेगळं होतं. सिग्नलवरच्या त्या मुलाचं वागणं नावाने बदललं असं मी म्हणणार नाही, त्याच्याशी दोनदा बसून बोलावं लागलं.

या आकड्यांबद्दल एक सांगायला हवं. नाव बदललं त्याच आठवड्यात आम्ही वेग आणि अंतर लिहायला सुरुवात केली. त्यामुळे लोक परत आले ते नावामुळे की त्या ओळीमुळे हे वेगळं काढता येत नाही. ताईंनी नंतर पुन्हा फोन केले, तर पाच जणांनी नावाचा उल्लेख केला आणि सात जणांनी ‘वेग लिहिला होता म्हणून धीर झाला’ असं सांगितलं, काहींनी दोन्ही. मला वाटतं नावाने माणूस मेसेज उघडून वाचतो आणि वेगाच्या ओळीने घराबाहेर पडतो.

आणि एक गोष्ट बिघडली, जिचा आम्ही विचारच केला नव्हता. एका मंगळवारी एक नवीन मेंबर ठरलेल्या कोपऱ्यावर वीस मिनिटं उभी राहिली. तिने ग्रुपवर आदल्या दिवशी लिहिलं होतं ‘उद्या जाणार आहे’, आणि नावच सोबत आहे तर कुणीतरी येणारच असं धरलं होतं. कुणीच आलं नाही. मग उशीर झाला म्हणून ती एकटी, घाईत, तिच्यासाठी नवीन असलेल्या चौकातून गेली. ऑफिसला पोचून तिने काही तक्रार केली नाही, फक्त लिहिलं, ‘आज कुणी नव्हतं का?’ ते वाचून खूप अपराधी वाटलं. आम्ही ‘सेफ्टी’ हा शब्द हमी होतो म्हणून टाळला होता, आणि ‘सोबत’ ही त्याहून मोठी हमी निघाली.

नाव बदलायचं की नाही यावर दोन दिवस बोललो. शेवटी ठरलं की नाव ठेवायचं आणि ते पाळता येईल अशी व्यवस्था करायची. आता ज्याला सोबत हवी तो आदल्या रात्री नऊच्या आत रस्ता आणि वेळ लिहितो. त्या रस्त्यावरच्या कुणीतरी नाव घेऊन ‘मी आहे’ लिहायचं, नुसता अंगठा चालत नाही. नऊपर्यंत कुणी नाही आलं तर ज्याची त्या आठवड्याची पाळी आहे तो फोन करून स्पष्ट सांगतो की उद्या सोबत नाही, एकटं जायचं असेल तर हा चौक पायी ओलांड.

पुन्हा करायचं झालं तर

मतदान करणार नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. आधी बाहेरच्यांना चिठ्ठ्या दाखवून दोन नावं आणायची आणि मग ग्रुपला त्यातलं एक निवडू द्यायचं, म्हणजे ग्रुपचा मानही राहतो आणि आम्ही ज्या दोघांना दुखावलं ते दुखावले गेले नसते. त्यातला एक अजून परत आलेला नाही.

रस्त्यावरची हाक चाचणी मी सगळ्यात आधी घेईन, आणि ती पार्किंगमध्ये, सायकली उभ्या असताना. नवीन मुलीला खडीत जायची वेळ यायची काहीच गरज नव्हती. एकाने नाव ओरडायचं, बाकीच्यांनी काय ऐकू आलं ते सांगायचं, पाच मिनिटांचं काम.

नाव पक्कं व्हायच्या आधी आम्ही ‘वीकेंड वॉरियर्स’ छापलेली २० जॅकेटं बनवून बसलो होतो, आणि खरं सांगायचं तर नाव बदलायला उशीर झाला त्याचं निम्मं कारण ती जॅकेटं होती. कुणी बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात होतं. आता त्यांच्या पाठीवर कापडी पट्टी शिवून वर नवीन अक्षरं लावली आहेत. जुन्या ग्रुपची लिंक मात्र अजून कुठे कुठे फिरतेय, महिन्यातून एखादा माणूस त्या नावाने विचारत येतो, म्हणून तो जुना ग्रुप बंद न करता त्यात एकच मेसेज ठेवलाय, आणि जो येईल त्याला ताई स्वतः फोन करतात.

आणि नाव ठरवताना चौथा प्रश्न विचारेन, जो त्या चिठ्ठ्यांवर नव्हता: हे नाव ऐकून तुम्ही आमच्याकडून काय धरून चालाल? तो विचारला असता तर लंचमधल्या त्या बाईंच्या उत्तरातच आम्हाला मंगळवारचा तो कोपरा दिसला असता.